हापूसच्या पेट्या आणि एक रिकामं वर्ष

तमाम लालबागकरांना व गिरगावात राहणाऱ्या माझ्या हितशत्रूंना कळवण्यात येतं की, माझे मेहुणे गावी आंब्याची बाग बघतात ही बातमी संपूर्णपणे खोटी असून ती मी स्वतः, शुद्धीवर असताना, चहा पिता पिता तयार केली होती.

खरं एवढंच होतं. एका जूनमध्ये मेहुणे नेहमीसारखे कामाला निघाले आणि कामावर पोचलेच नाहीत. भांडण नाही, आजारपण नाही, चिठ्ठी नाही. आम्ही पोलीस स्टेशनला मिसिंगची तक्रार दिली, फोटो दिला, अंगावरच्या शर्टाचा रंग सांगितला. चौथ्या दिवशी शेजारच्या काकूंनी बहिणीला विचारलं, "भाऊजी दिसत नाहीत हल्ली?" बहिणीचा चेहरा पांढरा पडला. गणपतीच्या नाटकांत वीस वर्षं कामं केलेला मी तिथेच बसलो होतो. पुढचं वाक्य माझ्या तोंडून आपोआप आलं.

"गावी गेलेत. भावकीत वाद चाललाय, बाग बघायला कोणीतरी हवं ना!"

एकदा पात्र उभं केलं की त्याला सांभाळावं लागतं. मेच्या सुरुवातीला चाळीतले लोक विचारू लागले, आंबे कधी येणार? मी दादरच्या बाजारातून दोन पेट्या आणल्या, वरचा बाजाराचा कागद काढून टाकला, गवत जरा विस्कटलं आणि "मेहुण्यांनी पाठवले" म्हणून आंबे घरोघर वाटले. एकाने तर "यंदा तुमच्या बागेचा वास वेगळाच" म्हणून दादही दिली. मी मनातल्या मनात पडदा पाडून नमस्कार केला.

पण त्याच्या आधीच एक गोष्ट सुरू झाली होती, आणि ती मला अजून झोपू देत नाही. लोकांना मेहुणे दिसायला लागले होते.

दिवाळीला गावी जाऊन आलेला तळमजल्यावरचा माणूस म्हणाला, "भेटले हो तुमचे! कणकवलीच्या स्टँडवर. वाळलेत जरा." कोणी सावंतवाडीच्या बाजारात पाहिले, दाढी वाढलेली. मी सांगितलं होतं की ते तिकडे आहेत, म्हणून लोकांनी ते तिकडे पाहिले. मला हे कळत होतं. तरी बहीण हळूच विचारायची, "दादा, खरंच असतील का रे?" आणि माझ्या तोंडून 'नाही' निघायचं नाही.

माझी भाची नुकतीच बीए झाली होती. ती दोनदा एसटीने गेली. स्टँडवर दिवस दिवस बसून आली. परत आली की माझ्याशी बोलायची नाही, फक्त बघायची.

असं तिचं एक वर्ष गेलं. त्याच आंब्यांच्या उन्हाळ्यात तिने समाजकार्याच्या एमएसाठी अर्ज करायचं ठरवलं. फॉर्ममध्ये एक चौकोन होता: शिक्षणात खंड पडला असल्यास कारण द्या. शिवाय गॅपचं प्रतिज्ञापत्र, स्टॅम्प पेपरवर, नोटरी करून.

मी बाह्या सरसावल्या. "लिही. वडिलांना शेतीत मदत केली. ग्रामीण जीवनाचा जवळून अनुभव घेतला."

"मामा, हे शपथेवर लिहायचंय."

"मग आजारपण टाक. नोटरीकडचा टायपिस्टच सांगत होता, सगळे कावीळ टाकतात."

"मला कावीळ झाली नव्हती," ती म्हणाली. "बाबा हरवलेत."

वर्षभरात हा शब्द त्या खोलीत कोणी मोठ्याने उच्चारला नव्हता. बहिणीने गॅस बंद केला आणि पाठ वळवून उभी राहिली.

भाचीने स्वतः दोन मसुदे लिहिले आणि ते कॉलेजच्या मॅडमकडे नेले. तिचं शिफारसपत्र त्याच देणार होत्या. मी सोबत गेलो, कारण मला कुठेही सोबत जायला आवडतं. पहिल्यात फक्त "काही अपरिहार्य कौटुंबिक कारणांमुळे" एवढंच होतं. दुसरा दीड पानांचा, आणि त्यात "माझी यात काहीही चूक नव्हती" हे वाक्य तीनदा.

मॅडमनी चष्मा वर केला. "पहिला वाचून वाटतं, काहीतरी लपवतेयस. दुसरा वाचून वाटतं, तुझ्यावर खटला चाललाय. अगं, त्यांना तीनच गोष्टी हव्या असतात. काय झालं, तू त्या काळात काय केलंस, आणि आता शिकायला मोकळी आहेस का. महिने लिही. विशेषणं नकोत. माफी तर नकोच."

"आणि शेवट? ते सापडले नाहीत अजून."

"मग सापडले नाहीत, असंच लिही. पण आता काय बदललं, ते सांगावं लागेल. तो शोध आता कोण घेणार?"

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मला संवाद सुचला नाही. मी नुसती होकारार्थी मान हलवली.

तिसरा मसुदा इंग्रजीत होता. रात्रीची भांडी झाल्यावर तिने आईला तो मराठीतून सांगितला: "बीएनंतरच्या जूनमध्ये माझे वडील कामाला निघाले आणि परतले नाहीत. पोलिसांत बेपत्ता म्हणून नोंद आहे. त्या वर्षी मी प्रवेश घेतला नाही. नोव्हेंबरपर्यंत मी त्यांना रुग्णालयांत, आश्रमांत आणि दोनदा कोकणात जाऊन शोधलं. डिसेंबरपासून शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या. वडील अजून सापडलेले नाहीत. पोलीस ठाण्याकडे पाठपुरावा आता मामा करतात. मी पूर्णवेळ शिकू शकते."

बहिणीने ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, "असं लिहिलं म्हणजे झालंच की गं. सगळ्यांना कळेल. सरकारी कागदावर येईल." बाहेर कोणीतरी जिना चढत होतं. तिघेही आम्ही पावलं ऐकत राहिलो, पावलं वरच्या मजल्यावर गेली.

"डबा घेऊन निघाले होते," बहीण म्हणाली. "ते घाल त्यात."

"आई, शब्दांची मर्यादा आहे."

"एकच शब्द आहे."

तिने घातला.

मुलाखत ऑनलाइन होती. लॅपटॉप टेबलावर, मागे कोरी भिंत दिसावी म्हणून मी कॅलेंडर उतरवून ठेवलेलं. बहीण आणि मी कपाटाच्या आडोशाला दोन स्टुलांवर, कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून पाय आखडून. भाचीने दम दिला होता: खोकलायचंसुद्धा नाही.

विषयाचे प्रश्न झाले. ती चांगलं बोलली. मग पॅनेलमधले एक सर मराठीत म्हणाले, "तुमचं गॅपचं निवेदन वाचलं. स्पष्ट लिहिलंयत, त्याबद्दल आभार." थोडं थांबून, अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "एक विचारू का? आमच्या फील्डवर्कला सुट्टी नसते. समजा मधल्या एखाद्या सेमिस्टरला वडिलांची काही खबर आली, किंवा ते स्वतःच आले. मग तुम्ही कोर्स सोडाल?"

मला भाचीची फक्त मान दिसत होती. सगळा प्रवेश त्या एका उत्तरावर येऊन अडकला होता, आणि तिला खोटं बोलायचं नव्हतं. बाबा आले तर ती धावत सुटेल हे आम्हा तिघांना ठाऊक होतं. पडद्यावरचे तीन चेहरे थांबले होते.

माझ्या शेजारचं स्टूल खरखरलं. मी पदर धरायला हात पुढे केला, उशीर झाला. वर्षभर शेजाऱ्यांपुढे एक अक्षर न बोललेली माझी बहीण कपाटाआडून निघून थेट कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिली आणि ओरडली, "अहो सर, आले तर दार उघडायला मी आहे ना! तिचं कॉलेज कशाला बुडवताय?"