प्रश्नवाल्या मॅडम

तळेगावच्या त्या मोठ्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नवी इंटर्न मुलं रुजू झाली की पहिल्या आठवड्यातच त्यांच्या कानावर एक सूचना पडायची. रेडिओलॉजीत फॉर्म देताना जपून, तिथं प्रश्नवाल्या मॅडम बसतात.

या मॅडम म्हणजे डॉ. अनसूया लिमये. वय अठ्ठावन्न, मूळच्या लोणावळ्याच्या, वडील तिथंच शाळेत शिक्षक. सव्वीस वर्षं त्या तळमजल्यावरच्या अंधाऱ्या, गार खोलीत बसून एक्स-रे, सोनोग्राफी आणि सीटी वाचत आल्या होत्या. मे महिन्यातही अंगात लोकरीची बंडी. आवाज कधी चढायचा नाही, पण फोन मात्र करायच्या. फॉर्म नीट भरलेला नसला की त्यावर नुसतं 'पुन्हा लिहा' असं खरडून परत पाठवायची सोय त्यांना होतीच की. ते त्यांनी कधी केलं नाही. फॉर्मखालचं नाव वाचायच्या, नंबर फिरवायच्या आणि विचारायच्या, "तुला माझ्याकडून काय जाणून घ्यायचंय?"

प्रेरणा वाळुंजला हा फोन आला तो सर्जरीच्या पाळीतल्या चौथ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास.

प्रेरणा नवलाख उंबरे गावची. वडील शेती सांभाळून एमआयडीसीतल्या कारखान्यात पाळी करायचे. गावातली ती पहिली डॉक्टर होणार, म्हणून घरच्यांना कोण कौतुक! पण कॅज्युअल्टीत ती बिचकतच वावरायची. इथं सगळेच घाईत आणि सगळेच तिच्याहून शहाणे, असं तिला वाटायचं. म्हणून वरच्यांनी सांगितलं की विचार न करता करून मोकळं व्हायचं, हे तिनं ठरवून टाकलं होतं.

त्या सकाळी इंदुरीहून गेणू काशिद नावाचे चौसष्ट वर्षांचे शेतकरी पोट धरून आले. सोबत बायको, कस्तुराबाई. सर्जरीचे निवासी डॉक्टर रुचिर ऑपरेशनला निघाले होते. त्यांनी जाता जाता पेशंट पाहिला, सलाईन आणि वेदनेचं इंजेक्शन लावायला सांगितलं आणि म्हणाले, "रक्ताचे नमुने पाठव, सीटीचा फॉर्म भर."

प्रेरणानं नमुने पाठवले आणि फॉर्म भरला. नाव, वय, 'पोटाचा सीटी'. आजाराच्या माहितीच्या रकान्यात दोन शब्द: 'पोटात दुखते.' त्याखाली सगळेच लिहितात तसं, 'काही दोष आहे का पाहावे.'

वीस मिनिटांत फोन वाजला.

"डॉ. प्रेरणा? मी अनसूया लिमये. तुझा फॉर्म माझ्या हातात आहे. तुला काय जाणून घ्यायचंय?"

"मॅडम, पेशंटच्या पोटात दुखतंय. सीटी हवाय."

"दुखतंय ते त्यांना कळलंय, म्हणून तर आलेत. तुला काय वाटतंय?"

"रुचिर सरांनी सीटी पाठव म्हणून सांगितलं."

"सरांना काय वाटतं?"

सरांना प्रेरणानं विचारलंच नव्हतं.

"हे बघ," मॅडमचा आवाज तसाच शांत होता, "पोटाचा सीटी असा एकच नसतो. मुतखडा शोधायचा तर रक्तवाहिन्या उजळवणारं औषध शिरेतून द्यायचंच नाही. गळू शोधायचं तर एका वेळेला फोटो, रक्तवाहिनी बघायची तर दुसऱ्या वेळेला. काय शोधायचंय हे कळल्याशिवाय मशीन कसं चालवायचं ते मी ठरवू कशी? तुझा फॉर्म बघून इथल्या टेक्निशियननं, राजेंद्रनं, फोटोत आतडं उठून दिसावं म्हणून प्यायचं औषध कालवायला घेतलंय. ते संपवायला पेशंटला तासभर लागेल. मी त्याला थांबवलंय, टेबल मोकळं ठेवलंय. दहा मिनिटं घे. नाडीवर बोटं ठेव, पोटावर हात ठेव, घरच्यांशी बोल. मग मला एक प्रश्न विचार. एकच, पण नेमका."

कान लाल झालेली प्रेरणा गेणूभाऊंच्या खाटेशी आली. त्यांनी पाय पोटाशी घेतले होते, कपाळावर घाम, दातओठ खात कण्हत होते. इतकं दुखतंय म्हणजे पोट दगडासारखं लागणार, असं समजून तिनं हात ठेवला. पोट मऊ होतं! तिनं पुन्हा दाबून पाहिलं. मऊच. मग मनगट धरलं. नाडीला ताल नव्हता. दोन ठोके भरभर, मग एक हुकलेला, मग पुन्हा तीन. सकाळी काढलेला ईसीजी फाइलमध्ये घडी घालून पडला होता. तो तिनं उलगडला. हृदयाच्या वरच्या कप्प्याची ती बेताल थरथर तिनं पुस्तकात दहा वेळा पाहिली होती.

तिनं कस्तुराबाईंना बाकावर बसवलं आणि दवाखान्याची भाषा बाजूला ठेवून घरच्यासारखी बोलली.

"मावशी, कवापासून दुखतंय?"

"पाटं सहाला, बाई. रानात पानी धराया गेलते, तितंच मटकन खाली बसले. आदी काय बी नव्हतं."

"उलटी, जुलाब?"

"दोनदा वकले. येकदा पातळ झालं."

"छातीच्या ठोक्याची कुठली गोळी चालू हाय का?"

"हाय की. रगत पातळ व्हायाची. पर दात काडायचा व्हता, तवा दातवाल्या डाक्टरनं चार दिस बंद ठेवा म्हनलं. दात काडला, आन् परत चालू करायचं ध्यानातच न्हाई ऱ्हायलं. आमी म्हनलं, बरं हाय की, लय गोळ्या झाल्यात."

"किती दिवस झाले?"

"महिना झाला आसंल."

प्रेरणा मनातल्या मनात दुवे जुळवू लागली. बेताल हृदयात रक्त साकळतं, त्याची गुठळी सुटून वाहत जाते, कुठल्या तरी धमनीत जाऊन अडकते. मेंदूत अडकली तर पक्षाघात. आतड्याच्या धमनीत अडकली तर? अचानक दुखणं, असह्य दुखणं, आणि पोट मात्र मऊ. सुटी सुटी वाचलेली वाक्यं तिच्यासमोर एका माणसाच्या रूपानं कण्हत पडली होती.

तिनं ऑपरेशन थिएटरला फोन लावला. नर्सनं रुचिरच्या कानाशी धरला. सगळं ऐकून ते म्हणाले, "हेच लिही. मॅडमना सांग घाई आहे. मी हात धुऊन येतोच."

प्रेरणानं नवा फॉर्म घेतला. या वेळी तिचा हात थांबला नाही. 'आज सकाळी सहाला अचानक असह्य पोटदुखी, पाच तास झाले. दोन उलट्या, एक पातळ जुलाब. वेदनेच्या मानाने पोट मऊ. नाडी अनियमित, ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन. रक्त पातळ करणारी गोळी महिनाभर बंद. पूर्वी पोटाचं ऑपरेशन नाही, औषधांची ॲलर्जी नाही. क्रिएटिनिन पाठवलं आहे, निकाल यायचा आहे. प्रश्न: आतड्याच्या मुख्य धमनीत गुठळी आहे का? असल्यास आतड्याचा कुठला भाग रक्ताविना आहे?' खाली नाव, मोबाइल नंबर आणि 'तातडीचे'.

कागद घेऊन ती स्वतःच जिना उतरली. मॅडमनी तो उभ्या उभ्या वाचला आणि चष्मा वर केला.

"राजेंद्र, प्यायचं काही द्यायचं नाही. कोपराच्या शिरेत मोठी सुई. आधी धमनीचे फोटो, मग शिरांचे."

"मॅडम, किडनीच्या तपासणीचा, क्रिएटिनिनचा, निकाल आला नाही अजून. शिरेतून औषध द्यायचं?" राजेंद्र म्हणाला. नवलाख उंबऱ्याच्याच वाटेवरचा हा तंत्रज्ञ नियमाला पक्का होता.

"माहीत आहे. किडनीची काळजी मागून घेऊ. आतडं तोवर थांबायचं नाही."

फोटो पडद्यावर येऊ लागले तशी मॅडमनी प्रेरणाला शेजारी उभं केलं. महाधमनी पांढरीशुभ्र उजळली. तिच्यापासून खाली फुटलेली आतड्याची धमनी चारेक सेंटिमीटर पांढरी दिसली आणि मग एकदम काळी. कुणी मध्येच वाट अडवावी तशी.

"ती बघ गुठळी. शिरांच्या फोटोच्या वेळी एवढी स्पष्ट दिसली नसती. आणि पोटात पांढरं औषध भरलेलं असतं तर आतड्याची भिंत रक्त घेतेय की नाही हे सांगताना माझी पंचाईत झाली असती." त्यांनी फोटो पुढे सरकवले. "बहुतेक आतडं अजून रक्त घेतंय. शेवटाकडचा हा तुकडा नाही घेत. भिंतीत हवा शिरलेली नाही, म्हणजे सडायला लागलेलं नाही. वेळ आहे अजून."

रिपोर्टची पहिली ओळ त्यांनी प्रेरणासमोर टाइप केली. सुरुवातच 'होय' अशी होती. त्यापुढे गुठळी नेमकी कुठे, किती लांब, कुठला भाग धोक्यात. टाइप करता करता त्यांनी रुचिरला फोनवर तेच तोंडी सांगितलं. गुठळी न वाढण्यासाठी हेपॅरिन लगेच सुरू झालं आणि तासाभरात गेणूभाऊ ऑपरेशनच्या टेबलावर होते. सर्जननी धमनी उघडून गुठळी काढली. हातभर आतडं कापावं लागलं. दोन दिवसांनी पुन्हा पोट उघडून पाहिलं, तेव्हा उरलेलं सगळं आतडं गुलाबी, जिवंत होतं.

सीटी झाला त्याच दुपारी प्रेरणा माफी मागायला खाली गेली होती. मॅडम डब्यातली पोळी खात होत्या. त्यांनी खुर्ची पुढे केली.

"माफी कसली मागतेस? मी काय केलं होतं ते ऐक. नोकरीचं दुसरं वर्ष. तेरा वर्षांच्या मुलीचा फॉर्म आला. 'गुडघा दुखतो, एक्स-रे.' मी गुडघा पाहिला. ठणठणीत. तसंच लिहिलं. ती लंगडत होती, खुब्यातून पाय आत वळत नव्हता, हे त्या कागदावर नव्हतं. आणि मी विचारलं नाही. महिन्यानं परत आली तेव्हा खुब्याशी मांडीच्या हाडाचं डोकं पुरतं घसरलेलं होतं. खुब्याचं दुखणं गुडघ्यात बोलतं, हे मला माहीत नव्हतं थोडंच?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"माझा रिपोर्ट बरोबर होता. शब्दन् शब्द. पण त्या पोरीच्या काय उपयोगाचा? तेव्हापासून मी फोन करते. लोक हसतात, हसू देत."

या बाईंनी इतक्या वर्षांत किती फोन केले असतील, याचा प्रेरणा हिशेब करू लागली आणि तो जमेना. दर फोनला पाच मिनिटं, आणि समोर तिच्यासारखंच कुणीतरी अडखळणारं. न कंटाळता.

गेणूभाऊ अठराव्या दिवशी घरी गेले. जाताना कस्तुराबाईंनी प्रेरणाला गाठलं. "त्या आंदारातल्या बाई कुटं बसत्यात? तेवडं पाया पडून येते." प्रेरणा त्यांना खाली घेऊन गेली. मॅडमनी पाया पडू दिलं नाही. त्यांना खुर्चीवर बसवलं आणि गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन विचारलं, "आता दात काढायचा झाला तर?"

"तुमाला इचारल्याबिगर न्हाई."

"मला नको. हृदयाच्या डॉक्टरांना. आणि गोळी परत कधी सुरू करायची, तेही त्याच वेळी विचारून घ्यायचं."

पुढच्याच आठवड्यात कारखान्यातली एक तरुण मुलगी उजव्या बाजूचं पोट दुखतं म्हणून आली. प्रेरणाच्या हातात सीटीचा फॉर्म होता, पण तिनं तो भरला नाही. पाळी दहा दिवस लांबली आहे, हे तिनं आधी विचारून घेतलं, लघवीची तपासणी केली आणि खालचा नंबर फिरवला.

"मॅडम, मी प्रेरणा. बावीस वर्षांची मुलगी आहे. दिवस गेल्याची तपासणी पॉझिटिव्ह. उजवीकडे खाली दुखतंय, रक्तदाब ठीक आहे. गर्भ गर्भाशयातच आहे की नळीत, हा माझा प्रश्न आहे. आधी सोनोग्राफी करायची ना?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"घेऊन ये," मॅडम म्हणाल्या. "मी मशीन लावते."