मागणी काही नाही

इस्लामपुरात उसाच्या रानात ओल मोजणारी यंत्रं बसवणाऱ्या कंपनीत मी होते. मालक दोघं. एक आमचे दादा, दुसरा हॉलंडात. दर शुक्रवारी दादा मराठीत बोलायचे आणि मी त्याचा इंग्रजी अहवाल करायचे. आकडे, अडचणी आणि मागण्या वेगवेगळ्या ठेवायच्या, हा हॉलंडवाल्याचा नियम. तो मागण्या आधी वाचायचा आणि तेवढ्याच कामाला लागायचा.

त्या आठवड्यात चाळीसपैकी नऊ यंत्रं मुकी झाली. हा आकडा. सॉफ्टवेअरमधला दोष इथे दुरुस्त होत नव्हता, ही अडचण. म्हणून मागणीत मी लिहिलं, ‘मंगळवारपर्यंत दुरुस्त सॉफ्टवेअर पाठव.’

दादांनी माझ्याकडून मराठीत वाचून घेतलं आणि म्हणाले, “ही वळ काढा, ताई. अडचण सांगितली, एवढं बास हाय. भागीदाराला कळत न्हाई व्हय? आमी कुणाफुडं हात पसरत न्हाई.”

मी म्हटलं, “दादा, तो अडचण वाचून नुसती मान डोलावतो.”

“डोलवू द्या.”

मी ओळ काढली. तिथे लिहिलं, ‘मागणी काही नाही.’ उत्तर आलं, ‘छान चाललंय.’ पुढचे दोन अहवालही तसेच गेले. शेवटी आमची यंत्रं घेणाऱ्या साखर कारखान्याने ती सगळी उपटून आमच्या दारात आणून टाकली.

हॉलंडवाल्याने फोनवर विचारलं, “मागितलं का नाही?” मी दादांना त्याचा प्रश्न मराठीत सांगितला. दादा म्हणाले, “सांगितलं हुतं की.”

मग शुक्रवार आला. मी अहवालात लिहिलं: चालू यंत्रं शून्य. अडचण काही नाही. मागणी काही नाही. पहिल्यांदाच दादांनी एकही शब्द काढायला सांगितला नाही.