बिननावाचं बंदर

मुलीचं परीकथांचं पुस्तक दुसऱ्या दिवशी छपाईला जायचं होतं आणि पहिल्या पानावरचा नकाशा अडला होता. तिने मोबाइलवर एआयला लिहिलं होतं: हाताने काढलेला नकाशा, वाकडातिकडा किनारा, डोंगर, नक्षीदार दिशाचक्र, जुना पिवळट कागद. चित्र सुंदर आलं, पण गावांची नावं कुठल्याच लिपीतली नव्हती.

"आई, हे काय लिहून राहिलं वो?"

"त्याले म्हण, एकही अक्षर नको, नावाच्या पट्ट्या कोऱ्या ठेव. नावं मी लिहितो."

तसा नकाशा आला. प्रिंटवर मी पेनाने नावं घातली. किनाऱ्यावरून बोट फिरवताना न पाहिलेला समुद्र तळपायाला गार लागत होता. एक बंदर उरलं. तिथे मी आमच्या गावाचं नाव लिहिलं, सौंसर.

"सौंसरले समुद्र?"

"आता आहे."