वाजवलं तर जेवायचं

डीजेच्या आवाजाने माझ्या छातीत धडधडतं असं मी म्हटलं की बायको हसते. म्हणते, "मग त्याचे सांगाडे कशाला बनवता?" तिचं बरोबर आहे. पवनीत माझं वेल्डिंगचं दुकान आहे आणि लग्नसराईच्या आधी माझ्याकडे जे काम येतं, त्यातलं बरंचसं पिकअपच्या मागे बॉक्स रचायच्या लोखंडी सांगाड्यांचं असतं. ज्याची शिसारी येते त्याचंच अन्न खातो. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकलं, नंतर कुणी तोंड वाकडं करू नये.

त्याआधी मी बँडमध्ये होतो, साइड ड्रमवर. बँड माझ्या सख्ख्या मामाचा. मामा क्लॅरनेट वाजवायचा, आणि तो वाजवायला लागला की नवरदेवाचं घोडंसुद्धा पाय जपून टाकायचं. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या सुमारास आमचा बँड जोरात होता. तुळशीचं लग्न झालं की सुपारी यायला लागायची, ती थेट धानाची पेरणी तोंडावर येईपर्यंत. बाकीच्या दिवसांत आमच्यातला कुणी धानाच्या रोवण्याला जायचा, कुणी विटांच्या भट्टीवर. लाल कोट मात्र सगळ्यांचे मामाच्या घरी, एकाच पेटीत, डांबराच्या गोळ्या घालून.

मामाची सुपारी घेताना एकच अट असे. "वाजवू, पन पंगतीत बसून जेवू." लग्नघरवाल्याने मान डोलावल्याशिवाय तो तारीख देत नसे. या अटीला इतिहास होता. आमच्या घरच्यांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हा आजोबांनी डफडं टाकून दिलं. पुढे वाजवत जायचं, नि जेवताना मांडवाबाहेर उकिडवं बसून पानावर वरून टाकलेलं खायचं, ते बंद. मामाने क्लॅरनेट हाती धरलं तेव्हा आजोबा त्याच्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. शेवटी मामाने शब्द दिला, की जिथे पंगतीत जागा नाही तिथे फुंकरही मारणार नाही. आणि त्याची दुसरी बाजूही तो तितक्याच कडकपणे पाळायचा. ज्याने वाजवलं नाही त्याने पंगतीत बसायचं नाही. एकदा आमचा झांजवाला ताप आला म्हणून गाडीतच पडून राहिला, तर मामाने त्याच्यासाठी डबा भरून आणला, पण पंगतीत बसवलं नाही. तो म्हणे, "आपन मानानं जेवतो तं काम करून जेवतो. फुकटचं जेवलो तं मंग मांडवाबाहेर बसून खाल्लं काय आन हे काय, सारखंच."

आमचा माइकवाला आमच्याच गल्लीतला. बँडच्या पुढे हातगाडी ढकलत न्यायचा, तिच्यावर बॅटरी, अँप्लिफायर आणि दोन भोंगे. मोठा मेहनती, आणि बोलण्यात गोड. त्याने एका उन्हाळ्यात मोठे बेसचे बॉक्स आणले, मग मिक्सर, मग जुना लॅपटॉप. आम्ही चेष्टा केली. आमच्या ट्रंपेटवाल्याने तर नागपूरचा शेठ म्हणून त्याला सलाम ठोकला. मामा मात्र म्हणाला, "करू दे ना बाप्पा. पोट तं त्यालेही हाये."

तर हा माइकवाला एके दुपारी मामाच्या बँडच्या दुकानात आला आणि म्हणाला, "मामा, वरात निघाची तुमची ती धून मले भरून पायजे. लॅपटॉपात."

मी तिथेच होतो. मी मामाला डोळ्याने 'नको' म्हणून खुणावलं. पण आमच्या लोकांत एक रीत आहे, आणि तिचा अभिमान मला होता तितकाच आज वीट आहे. कुणी धून मागितली तर नाही म्हणायचं नाही. धून लपवणारा तो कंजूष, असं मानतात. मामा स्वतः कामठीच्या एका म्हाताऱ्या वादकाकडून असाच मागून शिकला होता. त्याने क्लॅरनेट काढलं, पत्ती, जिच्यावर सूर निघतो ती, ओठात भिजवली आणि सगळी दुपार वाजवलं. नुसतं वाजवलं नाही, शिकवलंसुद्धा. वरात कुठे थांबवायची, मारुतीपुढे काय, बुद्धविहारापुढे काय, नवरदेव उतरताना सूर कसा खाली आणायचा, मांडवाच्या तोंडाशी बायका आरती घेऊन आल्या की किती वेळ तोच तुकडा फिरवत ठेवायचा. सगळं. माइकवाला मान डोलवत भरून घेत होता. जाताना मामाच्या पाया पडला, आणि मामा खूश.

पुढच्या दोन-तीन सराईत आमची घडी विस्कटली. याला एका दिवसाचा मुहूर्त नव्हता. लोकांचं साधं गणित होतं. बँड म्हणजे टेम्पोभर माणसं, सगळ्यांचं जेवण, त्यांचा चहा, त्यांचे रुसवे. डीजे म्हणजे एक पिकअप, जनरेटर आणि दोन माणसं, शिवाय पाहिजे ते गाणं. तो दमत नाही, त्याचे ओठ फुटत नाहीत. नवरदेवाच्या दोस्तांना नाचायला दणका हवा होता, आणि क्लॅरनेट दणका देत नाही. ज्यांच्या बापाच्या लग्नात आम्ही वाजवलं तेच लोक आम्हाला सांगायला लागले, "आता बँड कोन लावते जी? जुनं झालं ते."

तेच लोक आज माझ्या दुकानात बसून "काय बँड होता रे तुमचा" म्हणून उसासे टाकतात. मला त्या उसाशांचीही किळस येते. सुपारी द्यायच्या वेळी हे कुठे होते? वरातीमागून घोडं.

खोटं बोलायचं नाही म्हणून हेही लिहितो. माइकवाल्याच्या पिकअपमागे कितीतरी नवी पोटं उभी राहिली. जनरेटर भाड्याने देणारे आले, बॉक्स बनवणारे सुतार आले, लाइटवाले आले, कागदाची फुलं उडवायचं मशीन घेऊन फिरणारे आले. मी वेल्डिंग शिकलो तो त्याच्यामुळेच. पहिला सांगाडा त्यानेच माझ्याकडून करून घेतला. आमचा ट्रंपेटवाला त्याचा ड्रायव्हर झाला. पण बाकीच्यांचं कुणी काही बघितलं नाही. ढोलवाला बारा महिने विटांच्या भट्टीवर गेला. झांजवाला पुण्याकडे कुठे वॉचमन झाला. नव्या धंद्यात जागा होत्या, पण फुंकणाऱ्याला जागा नव्हती. आणि मामाला तर फुंकण्याशिवाय काही येतच नव्हतं.

मग ते कोंढ्याचं लग्न आलं.

माइकवाला सकाळीच मामाकडे आला. आता त्याच्या हातात दोन अंगठ्या होत्या, पण बोलणं तितकंच गोड. नवरीकडच्यांना व्हिडिओत जुन्या काळचा बँड हवा होता. लाल कोट, टोप्या, चकचकीत वाद्यं. "मामा, पोट्टे जमवा. कोट घाला. धून तुमचीच लावतो."

"लावतो म्हंजे?" मामाने विचारलं.

"म्हंजे ट्रॅक लावतो ना. तुमी फक्त तोंडाले लावून उभे राहा."

"वाजवाचं नाही?"

"वाजवलं तं ट्रॅकशी जमनार नाही मामा. थोडा स्पीड वाढवला हाये. खाली बीट टाकली हाये."

मला वाटलं मामा आता त्याला दाराबाहेर काढेल. मी तर उठलोच होतो. पण मामाने फक्त विचारलं, "पंगतीत बसवनार का पोट्ट्याइले?"

"हो हो, काहून नाही?"

त्या वर्षी बँडला एकही सुपारी नव्हती. जे उरले होते ते कोट घालायला लगेच तयार झाले. मीही झालो. दुकान बंद ठेवून गेलो. मामाला एकट्याला तिथे पाठवणं मला जमलं नसतं.

कोंढ्याला भर दुपारी वरात निघाली. पिकअपवर मीच केलेला सांगाडा, त्यावर बॉक्स, आणि पुढे आम्ही. निघायच्या आधी मामाने क्लॅरनेटची पत्ती सोडवली आणि कोटाच्या खिशात टाकली. मी पाहिलं. चुकून आवाज निघायला नको म्हणून, असं त्याने माझ्याकडे न बघताच सांगितलं.

आणि धून सुरू झाली. मामाचीच धून. त्या दुपारची, बँडच्या दुकानातली. पण माइकवाल्याने मधले श्वास कापून टाकले होते. माणूस फुंकतो तेव्हा मध्ये दम घेतो, त्या जागा त्याने काढून सगळे तुकडे एकमेकांना चिकटवले होते, आणि खाली ती धडधड. कुठल्याही माणसाला ती तशी वाजवताच आली नसती. मामाची बोटं बरोबर पडत होती, एकही चुकलं नाही. पण तो श्वास घ्यायच्या जागी श्वास घ्यायचा, आणि सूर थांबायचा नाही. गाल फुगलेला नाही, छाती खाली, आणि क्लॅरनेट मात्र वाजतंय. कुणाच्याही लक्षात आलं नाही. मोबाइल वर करून लोक व्हिडिओ काढत होते. एका काकांनी येऊन मामाच्या टोपीला नोट लावली आणि म्हणाले, "वा मास्तर! या वयात काय दम हाये!"

मामाने मान लववली. मी ड्रमच्या काठ्या कातड्यापासून बोटभर वर फिरवत होतो, आणि मला त्या काकांच्या तोंडावर फेकून माराव्याशा वाटल्या. मारल्या नाहीत. फिरवत राहिलो.

मांडवाच्या तोंडाशी ट्रॅकमधला सूर बरोबर खाली आला, मामाने शिकवला होता तसा. बायका आरती घेऊन आल्या. तोच तुकडा फिरत राहिला, फिरवायला सांगितला होता तितका वेळ.

मग पंगत बसली. माइकवाल्याने शब्द पाळला, हे मान्य करतो. आमच्यासाठी पहिल्याच पंगतीत जागा धरली होती आणि तो स्वतः मामाला बोलवायला आला. "चला मामा, पानं वाढली."

मामा पिकअपच्या सावलीत उभा होता. कोट काढून त्याने घडी घातली होती. खिशातून पत्ती काढून तो पुन्हा क्लॅरनेटला बसवत होता, हळूहळू, जशी वाजवायच्या आधी बसवतो तशी.

"पोट्ट्याइले बसव," तो म्हणाला. "त्याइले भूक लागली हाये."

"आन तुमी?"

"मी कसा बसू?" मामा म्हणाला. "मी कोठं वाजवलं?"

मी पंगतीत जाऊन बसलो आणि पोटभर जेवलो.