आर्लिसबाई आणि संशयाचा रकाना

आर्लिसबाई निबंध वाचण्याआधी चष्मा पुसत. निबंध वाईट निघाला तर वाचून झाल्यावर पुन्हा पुसत. पडद्यावरच्या ओळीखाली पेन्सिलीचं खोडरबराचं टोक धरून वाचत, आणि त्यानं उठलेले डाग संध्याकाळी स्वतःच रुमालानं काढत. हसू आलं तर आवाज येत नसे, नुसते खांदे हलत. कॉफी अर्धीच पीत, उरलेली खिडकीतल्या कुंडीत ओतत. ते रोप मरत का नाही, यावर खोलीत पैजा लागत. आणि कुणी ‘हा पोरगा काय लिहितो बघा’ म्हटलं की मान वर न करता म्हणत, “पोरगा नाही. निबंध. पोरगा आपल्याला दिसत नाही.”

रविवारी सकाळी चर्चच्या पायऱ्यांवर त्या कोसळल्या आणि दवाखान्यात पोचण्याआधीच गेल्या. सोमवारी मार्गो कामावर आली तेव्हा खुर्चीवर बाईंचा राखाडी स्वेटर तसाच होता. मार्गो लिंडक्विस्ट वाङ्मय शिकलेली मुलगी. मरणावर तिनं पुष्कळ वाचलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवेना.

त्या काम करत ते मॅनकेटो गावातलं तपासणी केंद्र पूर्वी गालिच्यांचं दुकान होतं. आता तिथे दर वसंतात राज्यभरातल्या आठवीच्या मुलांचे निबंध तपासले जात. तपासनीस म्हणजे निवृत्त माणसं, नाहीतर मार्गोसारखी नोकरी शोधणारी. आर्लिस ब्रेक्के त्यांच्या प्रमुख. सगळं आयुष्य आठवीला इंग्रजी शिकवलेलं. केंद्राचा व्यवस्थापक डेल प्रूइट हाही त्यांचाच विद्यार्थी. टक्कल पडलं तरी तो त्यांना ‘मिसेस ब्रेक्के’च म्हणे.

खरं तर प्रत्येक निबंधाला आधी संगणकच गुण देई, एक ते सहा. त्यातले काही निबंध माणसांकडेही येत, संगणकाचे गुण झाकून. दोघांत एकाहून जास्त गुणांचं अंतर पडलं की निबंध बाईंपुढे. संगणकाला बाईंनी हॅरॉल्ड नाव ठेवलं होतं. हॅरॉल्ड म्हणजे त्यांचे मेहुणे. समोरचा टाय लावून भरपूर बोलला की त्यांना सगळं पटायचं.

या वर्षी बाईंपुढचा ढीग एकाएकी वाढला. हॅरॉल्डचे सहा, तपासनिसाचे दोन. पुन्हा सहा, पुन्हा दोन. दोन देणारा बहुतेक वेळा व्हर्न ऑस्गुड निघे. त्यानं उभी हयात विम्याचे खोटे दावे पकडण्यात घालवली होती.

“व्हर्न, हे दोन कशाचे?”

“यंत्रानं लिहिलंय ते. मला वास येतो, आर्लिस.”

“निकषांत वासाला किती गुण ठेवलेत?”

खोलीत कुणीतरी फिसकन हसलं. व्हर्न लाल झाला. “म्हणजे लबाडाला सहा देऊ?”

“कागदावर जे आहे त्याचे दे. संशय आला तर शेजारचं बटण दाब, तो दुसऱ्या टेबलावर जाईल. आपले गुण हॅरॉल्डला शिकवायला वापरतात, ठाऊक आहे ना? तू नीटनेटक्या निबंधांना दोन देत सुटलास, तर तो शिकेल की नीटनेटकं लिहिणं वाईट. तुझा वास त्याला कळणार नाही. दोन तेवढे कळतील. मग पुढच्या वर्षी एखाद्यानं स्वतः मेहनतीनं लिहिलं, तर त्यालाही दोन.”

“लबाड मात्र मजेत.”

“तू लबाड पकडत नाहीयेस, राजा. तू फूटपट्टी वाकवतोयस.”

मार्गोला हे पुरतं पटलं नाही. जेवणाच्या सुट्टीत ती बाईंशेजारी बसली. बाईंनी घरून रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्या आणल्या होत्या.

“पण हॅरॉल्ड फसतो कसा? तो वाचतो ना?”

“ये, दाखवते.” बाईंनी हॅरॉल्डची सरावाची आवृत्ती उघडली. विषय होता, शाळा सकाळी उशिरा भरावी का. मार्गोच्या फोनवरच्या लेखनयंत्राकडून बाईंनी निबंध लिहवून घेतला. चार घोटीव परिच्छेद आले. त्यात एका राज्य निद्रा परिषदेची पाहणीही होती.

“अशी परिषद आहे?” मार्गोनं विचारलं.

“माझ्या तरी ऐकिवात नाही.”

मार्गोनं शोधून पाहिलं. नव्हतीच. हॅरॉल्डनं सहा दिले. बाईंनी मधल्या परिच्छेदांची अदलाबदल केली. सहा. ‘शाळा उशिरा भरल्यास बर्फ लवकर वितळतो, असे संशोधन सांगते’ असं एक वाक्य घुसडलं. सहा. मग त्यांनी जुन्या नमुन्यांतला एका मुलाचा निबंध घातला. पहाटे आजोबांबरोबर गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जायचं आणि मग वर्गात झोपायचं, असं त्यात होतं. तोकडी वाक्यं, दोन-तीन चुका. वाचताना मार्गोचा घास हातातच राहिला. हॅरॉल्डनं चार दिले.

“हा अन्याय आहे!”

“अन्याय करायला तरी समजावं लागतं. त्याला हजारो निबंध दाखवले, आपले गुण दाखवले आणि सांगितलं, ही माणसं किती देतील ते ओळख. तो लांबी बघतो, शब्दांची विविधता बघतो, वाक्यं एकमेकांना जोडलीत का बघतो, चुका बघतो. कोरा कागद, भलताच विषय, नुसती बडबड किंवा प्रश्नच उतरवून काढलेला, एवढं त्याला वेगळं काढता येतं. यंत्राचा निबंध यातलं काहीच नसतो. उलट सहा मिळवणारे निबंध जसे दिसतात, अगदी तसाच दिसतो. खरं आहे का, कुणी लिहिलं, हे त्याला कुणी विचारलेलंच नाही.”

“तुम्ही किती दिले असते? पहिल्याला?”

बाईंनी चष्मा काढला. “बर्फाचं वाक्य नसतं, तर पाच. कदाचित सहाही. परिषद खोटी आहे हे मला तरी कुठे ठाऊक होतं? निबंधाला मिळालेले गुण बरोबर असतात कधीकधी. ते त्या मुलाचे नसतात एवढंच. वडी घे अजून.”

त्याच आठवड्यात डेल एक बातमी घेऊन आला. राज्याच्या शिक्षण कार्यालयानं यंत्राचं लेखन ओळखणारा प्रोग्रॅम विकत घेतला होता. निबंध यंत्राचा असण्याचा आकडा ठरावीक रेषेच्या वर गेला की त्याला आपोआप शून्य, असा त्यांचा विचार होता. केंद्राचं मत हवं होतं. शून्य आलं की नववीत ते मूल थेट कच्च्यांच्या वर्गात.

“प्रोग्रॅमच्या चाचणीत सापडलेले निबंध मला दे,” बाई म्हणाल्या.

त्यांनी ते सगळे वाचले. बऱ्याच निबंधांचा व्हर्नला लगेच वास आला असता. एकावर मात्र त्या थांबल्या. खोडरबर एकाच ओळीखाली राहिलं.

मार्गो वाकून वाचू लागली. ‘माझं पहिलं कारण हे आहे. माझं दुसरं कारण हे आहे.’ सोपे शब्द, तेच तेच. इंग्रजी उशिरा शिकलेल्या हातचं असावं. आई टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात पहाटपाळीला जाते, म्हणून धाकट्या भावांना बसमध्ये बसवून मग स्वतः निघावं लागतं. शेवटी ‘सारांश असा की’.

“या पोरीला शून्य,” बाई म्हणाल्या. आपण ‘पोरीला’ म्हटलं, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

“हिनं यंत्राकडून लिहवून घेतलं नसेल कशावरून?” मार्गोनं विचारलं.

“मला ठाऊक नाही. तोच तर मुद्दा आहे. त्या प्रोग्रॅमलाही ठाऊक नाही. पुढचा शब्द सहज ओळखता आला की तो म्हणतो यंत्र. बेताचे शब्द असलेलं मूल दुसरं लिहिणार तरी कसं? आणि हा साचा आम्हीच शिकवला. यंत्र यायच्या आधी मी निम्म्या जिल्ह्याला यंत्रासारखं लिहायला लावलंय.”

मग त्यांनी डेलच्या आईला फोन केला. मार्लीन प्रूइट मुलाच्या शाळेतला कागदन् कागद जपून होती. दुसऱ्या दिवशी डेलचा आठवीतला निबंध हजर झाला, ‘आमच्या गावाला बर्फावरच्या खेळांचं मैदान का हवं’. बाईंनी डेलसमोर तो टाइप करून प्रोग्रॅममध्ये घातला.

आकडा रेषेच्या बराच वर गेला.

डेल बघतच राहिला. “पण मी स्वतः लिहिला होता हा! तेव्हा असं यंत्र कुठे होतं?”

“सिद्ध कर.”

“मिसेस ब्रेक्के!”

“ओरडू नकोस. एका डेलवरून प्रोग्रॅम वाईट ठरत नाही, एवढं मलाही कळतं. पण ऐक. हॅरॉल्ड सांगतो, लिहिलंय कसं. हा प्रोग्रॅम सांगू बघतो, लिहिलंय कुणी. प्रश्न दोन आहेत. एकाच्या उत्तरानं दुसऱ्याचं उत्तर पुसायचं नाही. हॅरॉल्ड एका गुणानं चुकला तर मी बसलेय निस्तरायला. हा चुकला तर मूल खोटारडं ठरतं, आणि इथून त्याला बोलायलाही जागा नाही.”

“मग लबाडांचं काय?”

“हुशार लबाड चार शब्द बदलतो आणि तुझ्या रेषेखालून निसटतो. सापडते ती ही पोरगी. गुण गुणांच्या रकान्यात राहू देत. संशय वेगळ्या रकान्यात, आणि तो कागद शाळेत जाऊ दे. तिच्या बाईंनी तिचं कच्चं लिखाण पाहिलं असेल. तिला समोर बसवून विचारतील. आपल्याला तिचं नावही ठाऊक नाही.”

डेलनं टकलावरून हात फिरवला. “वर कळवतो. पण त्यांना समजेल असं लिहून द्या. नमुन्याचे निबंध घ्या, प्रत्येकाखाली गुण का, संशय का, हे वेगळं वेगळं. तपासनिसांनाही तेच देतो. व्हर्नला आधी.”

कार्यालयानं आपोआप शून्य द्यायचा बेत थांबवला, पण बाईंचे नमुने पाहीपर्यंतच. बाई कामाला लागल्या. लिहिताना त्या खुशीत असत. व्हर्नला एकेक टिपण वाचून दाखवत आणि त्याच्या तोंडाकडे बघत. एकदा तो म्हणाला, “बरं बाई, पटलं,” तर म्हणाल्या, “अरेरे, आता भांडायला कुणाला शोधू?”

तेवढ्यात तो रविवार आला.

सोमवारी दुपारी डेल मार्गोच्या टेबलापाशी आला. डोळे सुजलेले. “वरून विचारणा आलीय. तू मिसेस ब्रेक्केंजवळ बसायचीस. त्यांचे नमुने पुरे करायला जमेल?”

मार्गोनं फाइल उघडली. बहुतेक नमुने पुरे झाले होते. घोटीव, खोट्या परिषदेचा निबंधही त्यात होता. गुण पाच, संशयाखाली स्वच्छ शब्दांत, ‘पाहणीचा पत्ता लागत नाही. शाळेकडे चौकशी करावी. गुणांना हात लावू नये.’ शेवटचा निबंध त्या मुलीचा. गुणांच्या रकान्यात चार. खाली लिहिलं होतं, ‘मुद्दे साधे, पण प्रत्येकाला आधार दिलेला आहे. भावांना बसमध्ये बसवण्याचा प्रसंग आणखी फुलवला असता तर’

वाक्य तिथेच थांबलं होतं. संशयाचा रकाना कोरा होता. बाईंनी तो मुद्दाम कोरा ठेवला की त्या तिथवर पोचल्याच नाहीत, हे मार्गोला कळेना; तिनं बाईंची पेन्सिल उचलली, खोडरबराचं टोक पहिल्या ओळीखाली धरलं आणि निबंध पुन्हा वाचू लागली.