वेगळ्या रक्ताची गोष्ट

एकोणीसशे साठनंतरची ती वर्षं. मी मुंबईत मानववंशशास्त्राचा प्रबंध लिहीत होते आणि त्यासाठी मुरूडजवळच्या एका कोळीवाड्यात दोन महिने राहिले होते. कोळी, आगरी आणि सिद्दी यांच्या डोक्यांची मापं घ्यायची, कातडीचा रंग नोंदवायचा, रक्तगट तपासायचे. तीन समाज म्हणजे तीन वंश, हे आकड्यांनी दाखवून द्यायचं, अशी माझ्या मार्गदर्शकांची अपेक्षा होती.

बोट टोचून घ्यायला लोक घाबरत. म्हणून मी सोपं करून सांगायचे, "तुमचं रक्त आगरी-सिद्द्यांपेक्षा कसं वेगळं आहे, ते बघायला आलेय." हे ऐकलं की कोळणी हसत हसत हात पुढे करत. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

तक्ते मात्र जमेनात. रंगाप्रमाणे माणसं लावली तर एक रांग व्हायची, डोक्याच्या मापांप्रमाणे लावली तर दुसरी, रक्तगटांप्रमाणे तिसरीच. ए, बी, ओ सगळे गट तिन्ही समाजांत होते, फक्त कमीजास्त प्रमाणात. एकाच घरातल्या दोन सख्ख्या भावांचे गट वेगळे निघत. कितीतरी दिवस मी बेरजा पुन्हा पुन्हा करत होते. चूक माझीच असणार, असं वाटायचं.

एके दिवशी सकाळी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बोलावणं पाठवलं. कोळीवाड्यातली एक पोर पहाटे बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. "तुमच्याकडे तपासणीचं औषध आहे ना? रक्त द्यायला हवं, आणि लवकर."

बर्फाच्या थर्मासातून त्या औषधाच्या बाटल्या काढल्या. तिचा गट ओ. तिला ओ रक्तच चालणार होतं. नवऱ्याचा बी निघाला, तिच्या भावाचा ए; माझा आणि डॉक्टरांचाही ओ नव्हता. माझ्या वहीत ओ गटाचे कोळी खूप होते, पण होड्या समुद्रात गेल्या होत्या आणि बायका मासळी घेऊन बाजाराला. वाड्यावर म्हातारे आणि पोरं तेवढी उरली होती. वहीत सापडला तो जवळच्या वाडीत माळीकाम करणारा एक सिद्दी. निरोप मिळताच तो धावत आला. त्याचं रक्त पुन्हा तपासलं, तिच्या रक्ताशी जुळवून पाहिलं. कुठे गुठळी धरली नाही.

सासू दारात आडवी उभी राहिली.

"त्याचा रगत माझ्या सुनेला न्हाय घालायचा."

"मावशी, गट जुळतोय. तुमच्या मुलाचा जुळत नाही."

"तूच बोल्लीस ना बाय, आमचा रगत न्यारा हाय म्हणून? आता कसा जुलला?"

मी हातातली वही मिटली. मग बोलत सुटले. त्याचे पूर्वज आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आले, म्हणून त्याचा रंग आणि केस तसे. ते खरंच आहे, आईबापांकडूनच आलंय. पण रंग ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्या, रक्तगट ठरवणारी गोष्ट वेगळी. एकीवरून दुसरी कळत नाही. मी आधी सांगितलं ते चूक होतं.

"चूक व्हता तर वहीत कशाला लिवलास? कोली, आगरी, सिद्दी?"

सिद्दी बाकावर बाही वर करून बसला होता. तो म्हणाला, "मी काय जबरदस्ती करत नाय. पण पोर मरंल हो." नवरा आईच्या तोंडाकडे बघत राहिला. सासूला होड्या परतायची वाट बघायची होती. डॉक्टरांनी हात जोडले, मी पाय धरले.

दुपारी सुनेची शुद्ध गेली, तेव्हा नवरा ओरडला, "घाला!" सिद्दीच्या रक्ताची बाटली लागली, पण फार उशीर झाला होता. बोटं गार पडत गेली. उन्हं कलायच्या आत ती गेली. मूल जगलं.

मुंबईला परतल्यावर मार्गदर्शकांपुढे तक्ते ठेवले. ते चिडले. "म्हणजे कोळी आणि सिद्दी सारखेच दिसतात म्हणायचं?"

"दिसतात वेगळे, सर. पण कोळ्याकोळ्यांतच जेवढा फरक भरलाय, त्यापुढे कोळी आणि सिद्दी यांच्यातला सरासरीचा फरक थोडा आहे. प्रत्येक लक्षण आपल्याच वाटेनं जातं. वंशाची रेघ कुठे मारायची हे रक्त सांगत नाही, आपण ठरवतो. मी रंग बघून ठरवली होती."

"मग प्रबंधात सिद्ध काय केलंत?"

मी तक्ते गोळा केले. त्या तक्त्यांचं प्रकरण त्यांनी गाळायला लावलं आणि मीही ते गाळलं. पदवी मिळाली.

पुढच्या वर्षी त्या वाड्यावर गेले होते. सासू अंगणात सुकट वाळत घालत होती, पाठीशी मूल बांधलेलं. मी नेलेलं झबलं तिनं घेतलं, बाजूला ठेवलं. "बस," म्हणाली. मी तिच्या शेजारी बसून सुकट पसरू लागले. माझ्या त्या एका वाक्याची माफी मागायला आले होते, ती मागताच आली नाही.