बिनव्याजी भाऊ

"एक पैसा व्याज नाही" हे पालुपद तो गिऱ्हाइकांपुढे इतक्यांदा लावायचा, की दुकानात त्याचं नावच बिनव्याजी पडलं होतं. रोख घेणाऱ्याला वॉशिंग मशीन सदतीस हजारांत मिळे. पण गिऱ्हाइकाने विचारल्याशिवाय ते सांगायचं नाही, हा मालकाचा दंडक. कार्डावरच्या हप्त्यांचे मात्र पुरे चाळीस. ती बुडालेली तीन हजारांची सूटच व्याज म्हणून बँकेच्या घशात जाई. वर त्या व्याजावरचा कर आणि प्रोसेसिंग फी कार्डाच्या बिलात गुपचूप येई, ती वेगळीच.

महिनाअखेर होती आणि त्याच्या टार्गेटला कार्डावरची एक विक्री कमी पडत होती. नेमकी तेव्हाच थोरली बहीण वॉशिंग मशीनसाठी रोख पैसे घेऊन आली.

"ताई, बिनव्याजी हप्ते असताना साठवलेले पैसे कशाला मोडतेस?" तो म्हणाला. तिने कार्ड काढलं.

पुढच्या महिन्यात ती कार्डाचं बिल नाचवत आली. आता आपली खरडपट्टी निघणार, म्हणून त्याने मान खाली घातली.

"व्याजच नाही, तर व्याजावर कर कसला लावतात मेले?" ती बँकेवर कडाडली. मग त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बरं झालं, दुकानात तू होतास. नाहीतर दुकानवाल्यांनीही लुटलं असतं मला."